कोयनेच्या भिंतीची डोलण्याची लय

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं. 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण पायापासून सुमारे 66 मीटरवर, भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पट्ट्यात, आडव्या भेगा पडल्या. तेव्हापासून जगभरच्या अभियंत्यांनी ही भिंत संगणकात पुन्हा पुन्हा उभारून हलवून पाहिली आहे. त्यांचा पहिला प्रश्न असतो: हलवून सोडून दिली, तर ही भिंत स्वतःच्या कोणत्या लयींत डोलेल?

भिंतीच्या एका आडव्या छेदाची जी प्रतिकृती सर्रास वापरली जाते, तिच्यात पहिल्या चार लयी सेकंदाला सुमारे 3, 8, 11 आणि 16 झोक्यांच्या निघतात. भूकंपाचा जोर मुख्यतः अशाच संथ लयींत असतो, म्हणून पहिल्या दहा-वीस लयी कळल्या की अभियंत्याचं काम भागतं.

आता पूर्ण धरणाची त्रिमितीय प्रतिकृती घेऊ. भिंतीचे विटांसारखे तुकडे पाडायचे. प्रत्येक कोपरा तीन दिशांना हलू शकतो. अशा हालचाली मिळून 10 लाख झाल्या, तर भिंतीचा ताठपणा सांगणारी मॅट्रिक्स 10 लाख ओळींची आणि तितक्याच स्तंभांची होते. पण कोपरा फक्त शेजारच्यांनाच ओढतो-ढकलतो. त्यामुळे एका ओळीत फार तर 81 आकडे असतात, बाकी शून्यं. शून्यं वगळून साठवली तर ही मॅट्रिक्स एका जीबीच्या आसपास मावते.

या मॅट्रिक्समधून निघणाऱ्या आयगेनमूल्यांत लयींचे वर्ग दडलेले असतात. पाठ्यपुस्तकी पद्धत सगळी 10 लाख आयगेनमूल्यं एकदम काढते. त्यासाठी ती मॅट्रिक्सची उलथापालथ करते आणि त्यात शून्यांच्या जागा आकड्यांनी भरून जातात. मग साठवायलाच 8 टीबी लागतात आणि सेकंदाला 100 अब्ज क्रिया करणारा संगणकही पाच महिने राबतो. एवढं करून हाती येणाऱ्या बहुतेक लयी निरर्थक असतात: शेजारशेजारचे दोन कोपरे एकमेकांविरुद्ध थरथरत आहेत, असल्या. अशी थरथर खऱ्या काँक्रीटची नसते, ती तुकडे पाडण्याच्या पद्धतीतून आलेली असते.

दुसरी वाट मला फार सुंदर वाटते. भिंतीला कुठलाही वेडावाकडा आकार द्या. त्या आकारात डोलताना जिथे जेवढा जडत्वाचा जोर येईल, तेवढा भार भिंतीवर लावा आणि भिंत कशी वाकते ते पाहा. वाकलेला आकार पुन्हा भार म्हणून लावा. प्रत्येक फेरीत संथ लयींचा वाटा वाढतो. किती, तर झोक्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतका. 8 आणि 3 च्या गुणोत्तराचा वर्ग सुमारे 7; म्हणजे दर फेरीला पहिली लय दुसरीपेक्षा सातपट ठळक होते आणि चार फेऱ्यांत दोन हजारपटीपेक्षा जास्त. प्रत्येक वेळी भिंतीचं वाकणं काढावं लागतं, पण त्यासाठी मॅट्रिक्सचे अवयव एकदाच पाडून ठेवतात. या सगळ्यातलं जड काम तेवढंच.

मात्र अशाने जुने आकार वाया जातात आणि लय एकच सापडते. हंगेरीत जन्मलेल्या कॉर्नेलियस लांझोश यांनी 1950 मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकही आकार टाकून देत नाहीत. नवा आकार आला की त्यातला आधीच्या आकारांशी जुळणारा भाग वजा करायचा आणि उरलेला नवी दिशा म्हणून ठेवायचा. तीस फेऱ्यांनंतर या तीस दिशांच्या मिश्रणांतून भिंतीच्या लयींच्या सर्वात जवळची मिश्रणं निवडायची. त्यासाठी फक्त 30 ओळींची मॅट्रिक्स सोडवावी लागते आणि पहिल्या काही लयी एकदमच हाती येतात.

कागदावर तर फक्त शेवटच्या दोन दिशांचा भाग वजा केला तरी पुरतं. संगणक मात्र आकडे ठरावीक घरांपर्यंतच ठेवतो. एखादी लय नीट सापडली की तिचा अंश या बारीक चुकांतून परत शिरतो आणि तीच लय यादीत दुसऱ्यांदा उगवते. तिला भूत म्हणतात. हे नेमकं का घडतं ते ख्रिस पेज यांनी 1971 च्या आपल्या प्रबंधात उलगडलं. उपाय म्हणजे नव्या आकारातून सगळ्या जुन्या दिशा पुन्हा पुन्हा वजा करणं. म्हणूनच हजारो लयी हव्या असतील तर ही पद्धत महाग पडते; आणि मॅट्रिक्स काही हजार ओळींचीच असेल तर पाठ्यपुस्तकी पद्धत बरी.

दुसऱ्यांदा आलेली लय डोळे झाकून खोडताही येत नाही. चौरस मनोरा दोन दिशांना खरोखरच एकाच लयीत डोलतो. उलट, सुरुवातीचा आकार फार सममित असला तर एखादी लय कधीच सापडत नाही, म्हणून तो मुद्दाम यादृच्छिक घेतात. मग यादी खरी की खोटी हे ठरवायचं कसं? सेकंदाला 12 झोक्यांवर रेषा ओढायची, तेवढ्या लयीचा भाग ताठपणाच्या मॅट्रिक्समधून वजा करायचा आणि पुन्हा एकदा अवयव पाडायचे. कर्णावर जितके आकडे ऋण येतील, तितक्याच लयी त्या रेषेखाली असतात. कोयनेच्या छेदासाठी हे उत्तर 3 यायला हवं. यादीत चार असतील तर एक भूत आहे. दोनच असतील तर एक निसटली आहे आणि नव्या आकारापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.