रस्शात तेल किती गेलं? असं मोजा

मंडळी, मांडू-धारकडे आपल्यापैकी बरेच जण रोहूचे तुकडे आधी तळून मग रस्शात सोडतात. म्हणजे तेल दोनदा लागतं.

मोठा चमचा १५ मिलीचा धरतात. घरचा चमचा औषधाच्या मापाने एकदा तपासून घ्या. एवढ्या तेलात सुमारे १२० कॅलरी, तुपात साधारण ११५.

समजा, तळायला ६ चमचे तेल घेतलं. गार झाल्यावर गाळून मोजलं तर ३ उरलं. म्हणजे ३ माशात गेलं. फोडणीचे २ चमचे मात्र पूर्ण धरायचे, कारण वरची तर्रीही आपण खातोच.

एकूण ५ चमचे, ६०० कॅलरी. चौघांत प्रत्येकी १५०. हे फक्त तेलाचं, मासा-भात वेगळा. तर्री काढून ठेवली, तर तेवढी वजा करा. पण तिच्यात पाणी असतं, म्हणून हिशोब अंदाजेच.