व्याजदर कापला, तरी सोनं का पडलं?

१८ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, व्याजदर पाव टक्क्याने कमी केला. व्याज उतरलं की सोनं चढतं, हे तर सराफ कट्ट्यावर चहा पिणारा कुणीही सांगेल. त्या दिवशी मात्र सोनं सुमारे दोन टक्क्यांनी आपटलं आणि औंसाला २,६०० डॉलरच्या खाली गेलं. साधारण वर्षभर आधी, १३ डिसेंबर २०२३ ला, याच फेडने व्याजदराला हातही लावला नव्हता. त्या दिवशी सोनं दोन टक्क्यांहून अधिक उसळलं आणि २,००० डॉलरच्या वर गेलं.

दोन्ही वेळी निर्णय सगळ्यांना आधीच ठाऊक होता. व्याजदराच्या वायदे बाजारात फेडच्या निर्णयावर आधीच पैसे लागलेले असतात, आणि त्या भावांवरून अंदाज निघतो. २०२४ च्या डिसेंबरात पाव टक्क्याची कपात जवळपास गृहीत धरलेली होती, म्हणजे ती सोन्याच्या भावात कधीच मुरलेली होती. नवं काय होतं, तर निवेदनातले शब्द.

फेडची बैठक वर्षातून आठ वेळा होते. वॉशिंग्टनच्या वेळेनुसार दुपारी दोनला निवेदन येतं आणि अडीचला अध्यक्षांची पत्रकार परिषद असते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. निवेदन जेमतेम पानभर असतं आणि त्यातला बराचसा मजकूर मागच्या बैठकीतला जसाच्या तसा असतो. म्हणून जाणकार ते वरपासून खालपर्यंत वाचतच नाहीत. जुनं आणि नवं शेजारी ठेवतात आणि कुठला शब्द गेला, कुठला आला एवढंच बघतात. भाषा व्याज चढं ठेवण्याकडे झुकली तर बाजार तिला हॉकिश म्हणतो, उतरवण्याकडे झुकली तर डोव्हिश. टिळक-गोखल्यांच्या काळापासून आपल्याकडे जहाल आणि मवाळ आहेतच, तेच शब्द इथे चालतील.

२०२३ च्या डिसेंबरातलं निवेदन घ्या. व्याजदर तेव्हा सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर होता. आधीच्या निवेदनात साधारण असं म्हटलं होतं की, आणखी किती दरवाढ करावी लागेल हे ठरवताना समिती अमुक गोष्टी पाहील. नव्या निवेदनात त्याच वाक्यात एक ‘एनी’ येऊन बसला. आणखी दरवाढ करावी लागलीच तर ती किती, असा त्याचा सूर झाला. एवढ्याशा शब्दावर कोण हुरळणार, असं वाटेल. पण अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी पत्रकार परिषदेत स्वतःच त्या शब्दाकडे बोट दाखवलं आणि आपण दराच्या शिखरावर किंवा शिखराजवळ आहोत याची ती कबुली आहे, असं सांगितलं. त्याच दिवशी फेडच्या सदस्यांचे पुढचे अंदाजही आले. बाजारात त्या तक्त्याला डॉट प्लॉट म्हणतात आणि तो दर तीन महिन्यांनी येतो. त्यात २०२४ साठी पाव-पाव टक्क्याच्या तीन कपाती दिसत होत्या. मवाळ भाषा आणि तिला आकड्यांचा आधार, असा तो योग होता.

२०२४ च्या डिसेंबरात उलटं झालं. नोव्हेंबरच्या निवेदनात ‘दरात आणखी बदल करायचे ठरवताना’ अशी शब्दरचना होती. डिसेंबरात तिथे ‘एक्स्टेंट अँड टायमिंग’ आलं, म्हणजे बदल किती करायचे आणि कधी करायचे हे ठरवताना. वाचायला निरुपद्रवी, पण ज्याला घाई नाही तोच ‘किती आणि कधी’ असं बोलतो. कपातीचा वेग कमी करण्याची वेळ आली आहे किंवा जवळ आहे, असाच याचा अर्थ असल्याचं पॉवेल यांनी सांगितलं. सप्टेंबरच्या तक्त्यात २०२५ साठी चार कपाती होत्या, आता दोनच उरल्या. निवेदनाच्या शेवटी कोणी कसं मत दिलं हे छापलेलं असतं, आणि बरेच वाचक ते सोडून देतात. तिथे क्लीव्हलंडच्या बेथ हॅमक यांचं मत कपातीच्या विरोधात होतं. कृती मवाळ आणि बोलणं जहाल, असा हा प्रकार, आणि अशा वेळी सोनं सहसा बोलण्याच्या मागे जातं.

असं का? सोनं व्याज देत नाही. तिजोरीतली वळी दहा वर्षांनीही तेवढ्याच वजनाची राहते. अमेरिकी सरकारी रोख्यावर महागाई वजा जाता चांगलं व्याज सुटणार असेल, तर सोनं सांभाळणं महाग पडतं. शब्द जहाल झाले की पुढची काही वर्षं व्याज चढं राहील असं धरून रोखे विकले जातात, त्यांचा परतावा वाढतो आणि डॉलर वधारतो. सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये असल्याने त्यालाही तिथून धक्का बसतो. मवाळ शब्दांनी हेच चाक उलटं फिरतं. म्हणून निवेदनानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत सोन्याकडे न बघता दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा आणि डॉलर निर्देशांक बघावा. ते दोन्ही हलले नाहीत आणि सोनंच उडालं, तर ती उडी टिकेल याचा भरवसा नसतो.

तरीही अर्धा तास थांबावं लागतं. २ नोव्हेंबर २०२२ ला फेडने पाऊण टक्क्याची दरवाढ केली. ती अपेक्षितच होती. पण निवेदनात एक नवं वाक्य होतं: आतापर्यंतच्या दरवाढींचा एकत्रित परिणाम आणि तो दिसायला लागणारा वेळ समिती लक्षात घेईल. बाजाराला वाटलं, फेड दमली. सोनं वर गेलं. अडीचला पॉवेल बोलायला उभे राहिले आणि व्याज आधी वाटलं होतं त्यापेक्षा वरच्या पातळीवर जाईल असं त्यांनी सांगितलं. कमावलेलं सगळं तिथेच गेलं. जानेवारी २०२५ मध्ये महागाई कमी होत असल्याचा उल्लेख निवेदनातून गायब झाला, तेव्हा बाजाराने जहालपणाचा वास घेतला. नंतर पॉवेल म्हणाले की ती फक्त मजकुराची साफसफाई होती. शब्द मोजणाऱ्यांनी असेही फटके खाल्ले आहेत.

आपल्याकडे हे सगळं एक पायरी उशिरा पोचतं. हिवाळ्यात एमसीएक्सचा बाजार ११.५५ ला मिटतो आणि निवेदन साडेबाराला येतं, त्यामुळे सकाळी नऊला भाव थेट खाली किंवा वर उघडतो. मधल्या पायऱ्यांवर कुणाला विकता येत नाही की घेता येत नाही. शिवाय रुपया आहेच. १९ डिसेंबर २०२४ ला रुपया पहिल्यांदा डॉलरला ८५ च्या पलीकडे घसरला, त्यामुळे डॉलरमधल्या घसरणीचा थोडा भाग इथे भरून निघाला. आणि लग्नाचे दागिने घेणाऱ्याला २०२४ मध्ये सगळ्यात मोठा दिलासा फेडने दिलेलाच नव्हता. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हा तो मिळाला.

परिणाम टिकतो किती? डिसेंबर २०२३ ची उसळी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळपास विरली. अमेरिकेतल्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला आणि सोनं पुन्हा २,००० च्या खाली आलं. डिसेंबर २०२४ ला घाबरून विकणाऱ्यांना जानेवारी संपताना २,८०० च्या आसपासचा भाव बघावा लागला. त्या काळात वेगवेगळ्या देशांच्या मध्यवर्ती बँका वर्षाला हजार टनांहून अधिक सोनं घेत होत्या, आणि त्यांची खरेदी फेडच्या निवेदनातल्या शब्दांवर चालत नाही.