एक किलो खारी किती पावांना पडते?

समजा, गल्लीतल्या एका छोट्या बेकरीत लाकडाची एकच भट्टी आहे आणि कारागीर चार. रात्रभर फक्त पाव केले, तर ४०० लाद्या निघतात. मालकाने २० किलो खारी करायला सांगितली की लाद्या ३७० वर येतात. या ३० लाद्या म्हणजे त्या खारीचा संधी खर्च. मैदा-तुपाचं बिल वेगळंच. हा खर्च मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही.

पुढच्या २० किलोंसाठी ६० लाद्या जातात, त्यानंतरच्या २० किलोंसाठी ११०. असं का? पाव भाजून झाल्यावर उतरत्या आचेवर थोडी खारी सहज निघते आणि पदर लाटण्यात तरबेज असलेला कारागीर आधी तिकडे जातो. मागणी वाढली की पावाच्या ऐन वेळेला हात घालावा लागतो, पावाचे हातही लाटायला बसतात. हे आकडे आलेखावर मांडले की बाहेर फुगलेली रेषा मिळते: उत्पादन शक्यता वक्र.

एखाद्या रात्री २० किलो खारी आणि फक्त ३३० लाद्या निघाल्या, तर कुठेतरी भट्टी रिकामी राहिली किंवा पीठ खोळंबलं. तिथे आणखी ४० लाद्या खारी न घटवता मिळतात.

कुठे थांबायचं, हे मात्र वक्र सांगत नाही. त्याला भाव लागतात. लादीमागे १० रुपये आणि २० किलो खारीमागे ८०० रुपये सुटत असतील, तर ६०० रुपयांचे पाव सोडून केलेली दुसरी खेप परवडते. तिसरीला ११०० रुपयांचे पाव जातात.