कॅरोसेलखाली कोणी "वजन कमी आहे" लिहिलं, तर पुढचे बारा तास काय करायचं

कॅरोसेल कसं बनवायचं ते व्हिडिओत पाहिलं. त्याखाली टीका आली की काय करायचं, हा प्रश्न मात्र जास्त येतो, म्हणून तो इथे नीट लिहून देतो. एकच उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत नेतो.

समजा तुम्ही जळगावात घरून केळीचे वेफर्स विकता. सहा स्लाइड्सचं कॅरोसेल टाकलं: कच्ची केळी, काप, कढई, मसाला, पाकीट आणि शेवटी "२५० ग्रॅम फक्त ९० रुपये". दुपारी एक ताई लिहितात, "भाऊ, वजन कमी से. घरी काट्यावर टाकलं, २३८ ग्रॅम भरलं." लगेच खाली दोघं-तिघं हसण्याचे इमोजी टाकतात.

पहिली इच्छा होते ती कमेंट उडवायची. दुसरी, "ताई, घरचा काटा काय खरा असतो का?" असं लिहायची. दोन्ही थांबवा, कारण तुम्हाला अजून काहीच माहीत नाही. काटा कोणाचा चुकला ते पाकिटं मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून पहिलं उत्तर फक्त पोच असू द्या. शक्यतो तासाभरात द्या:

"ताई, वजन करून सांगितलंत, धन्यवाद. त्याच दिवशीची १० पाकिटं आज संध्याकाळी मोजतो आणि इथेच आकडे लिहितो. पाकिटावरचा बॅच नंबर सांगता का?"

या उत्तरात माफी नाही आणि बचावही नाही. काम काय करणार आणि कधी सांगणार, एवढंच आहे. "डीएम करा" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. तक्रार सगळ्यांसमोर आली आहे, उत्तर खाजगीत गेलं तर बाकीच्यांना ते दिसणारच नाही. फोन नंबर, पत्ता, यूपीआय आयडी मात्र डीएममध्येच मागा.

आता मोजणी. दहा पाकिटं फोडा आणि फक्त वेफर्स मोजा. या धंद्यात बहुतेक वेळा कारण एकच सापडतं: भरताना काट्यावर पाकीट ठेवलं, पण काटा शून्य केला नाही. जाड उभं पाकीट १२ ग्रॅमचं असेल, तर काट्यावर २५० दिसतं आणि आत २३८ जातात. म्हणजे ताईंचा आकडा बरोबर. "वेफर्स सुकले असतील" हे कारण देऊ नका. बंद पाकिटात वजन घटत नाही, आणि उघडं राहिलं तर वेफर्स ओल धरून उलट जड होतात. हे खानदेशातल्या कोणत्याही गृहिणीला सांगायची गरज नाही.

"दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे चालतं" हेही लिहू नका, आणि का ते समजून घ्या. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत २०० ते ३०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंतची चूक मान्य आहे, म्हणजे २४१ पर्यंत. शिवाय सगळ्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये. २३८ या मर्यादेबाहेर आहे. तावातावात लिहिलेलं ते वाक्य म्हणजे तुम्हीच दिलेली लेखी कबुली होते.

संध्याकाळी त्याच कमेंटच्या खाली दुसरं उत्तर:

"ताई, १० पाकिटं मोजली. वजन २३७ ते २४० भरलं. तुमचं बरोबर होतं. पाकिटाचं वजन वजा झालं नव्हतं. आजपासून काटा शून्य करून भरतो. या बॅचची ६० पाकिटं गेली आहेत. ज्यांनी घेतलं त्यांनी पाकिटाचा फोटो पाठवावा, फरकाचे पैसे परत देतो किंवा पुढच्या पाकिटात वेफर्स जास्त भरून देतो."

खर्च किती येतो? १२ ग्रॅमचे सव्वाचार रुपयांच्या आसपास होतात. साठही गिऱ्हाईक आले तरी साधारण २६० रुपये. फक्त ताईंना गुपचूप नवं पाकीट देऊन विषय मिटवलात, तर उरलेल्या ५९ जणांना कमी माल गेलेला तसाच राहतो, आणि त्यातलं कोणी ना कोणी मोजणारच.

यानंतर ताईंची ती कमेंट उत्तरांसकट वर पिन करा (कमेंटवर बोट दाबून धरा किंवा डावीकडे सरकवा, Pin दिसेल). कॅप्शन एडिट करून त्यात एक ओळ जोडा. ताईंची कमेंट तशीच राहू द्या. ती काढली तर तिच्याखालची सगळी उत्तरंही जातात, तुमची दुरुस्तीसुद्धा. स्क्रीनशॉट मात्र कोणाकडे तरी राहतोच, आणि आपल्या गावात तो कॉलनीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जायला वेळ लागत नाही.

मोजल्यावर वजन २५१ ते २५४ भरलं तर? तरी "तुमचा काटा खराब" लिहू नका. "१० पाकिटांचं वजन २५१ ते २५४ आलं. तुमचं पाकीट दुकानात आणा, तुमच्यासमोर मोजतो, कमी निघालं तर बदलून देतो" एवढं पुरे. दुकानातल्या काट्याला वैधमापनाचा चालू शिक्का असेल तर तेही लिहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. प्रतिस्पर्ध्याने खोट्या खात्यावरून लिहिलं असेल अशी शंका आली तरी उत्तर हेच. खोट्याकडे बॅच नंबर नसतो, तो गप्प बसतो आणि वाचणाऱ्याला समजतं.

दोन उत्तरांवर थांबा. तिसऱ्यापासून मुद्दा वजनाचा राहत नाही, कोण कोणाला काय म्हणालं याचा होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कुणाल कामराने सर्व्हिससाठी पडून असलेल्या ओलाच्या स्कूटरींचा फोटो टाकला. कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी त्याला पैसे घेऊन ट्वीट केल्याचं आणि कॉमेडीत अपयशी असल्याचं सुनावलं. दुसऱ्याच दिवशी शेअर घसरला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीसही त्याच दिवसांत आली. ती भांडणामुळे नव्हती, आधी साचलेल्या हजारो तक्रारींमुळे होती. पण स्कूटर दुरुस्त कधी होणार, याचं उत्तर त्या भांडणात हरवलं.

घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. मेहुणा, मावसभाऊ, कॉलेजचे मित्र ताईंवर तुटून पडतात, आणि ते तुमच्याच नावावर जमा होतं. असं कोणी लिहिलं तर त्याला फोन करून काढायला सांगा.

मग काढायचं काय? शिवीगाळ, जातीवरून बोलणं, कोणाचा फोन नंबर, फसव्या लिंक. हे बिनधास्त उडवा. कोणी रोज तेच घाण लिहीत असेल तर Restrict करा, त्याची नवी कमेंट फक्त त्यालाच दिसते. "लय महाग देता" ही मात्र शिवी नाही, ते मत आहे. ते राहू द्या. भाव का एवढा, ते तेलाच्या नावासकट एका ओळीत सांगता आलं तर सांगा, नाही तर नुसतं सोडून द्या.

बॅच नंबर छापत नसाल तर आधी ते सुरू करा. साधा तारखेचा शिक्का चालतो, ०५०३ म्हणजे ५ मार्च. तो नसेल तर वरची दोन्ही उत्तरं लिहिताच येत नाहीत, कारण कोणती १० पाकिटं मोजायची तेच कळणार नाही.