चौसष्ट घरांचा एक आकडा

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात आणि आजच्या संगणकाचा प्रोसेसर एका दमात ६४ बिटांचा आकडा हाताळतो. प्रत्येक घराला एक बिट दिला, तर पटाचे सगळे चित्र एका आकड्यात मावते. बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहिणारे या आकड्याला बिटबोर्ड म्हणतात. १९७४ साली स्टॉकहोमला पहिली जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा जिंकणाऱ्या 'कैसा' या सोव्हिएत प्रोग्रॅमनेही हीच पद्धत वापरली होती.

बिटबोर्ड एकच नसतो, बारा असतात. पांढरी प्यादी, पांढरे घोडे, काळे उंट असा प्रत्येक प्रकाराचा आकडा वेगळा. ए१ हे घर शून्याव्या बिटाचे, एच१ सातव्याचे, ए२ आठव्याचे, असे करत एच८ त्रेसष्टाव्याचे. ज्या घरावर ते मोहरे आहे तिथे १, नाही तिथे ०. आता सगळी पांढरी प्यादी एक घर पुढे सरकवायची असतील, तर आठ प्यादी एकेक करून तपासायची गरज उरत नाही. सगळा आकडा आठ बिटांनी सरकवायचा आणि त्यातून भरलेली घरे वगळायची:

```
moves = (pawns << 8) & empty;
```

आठही प्याद्यांची उत्तरे दोन क्रियांत हाती येतात. बिटबोर्डचा वेग मुळात इथून येतो.

सरकवताना एक सापळा मात्र आहे. घोड्याची 'दोन घरे वर, एक उजवीकडे' ही चाल म्हणजे बिटक्रमांकात १७ ची भर. जी१ हा सहावा बिट. त्यात १७ मिळवले की २३, म्हणजे एच३. हे बरोबर आहे. पण एच१ वरच्या घोड्यासाठी हाच हिशेब केला तर २४ येतात, आणि २४ म्हणजे ए४! घोडा पटाच्या उजव्या कडेवरून बाहेर पडून डाव्या कडेने आत आला. आकड्याला कडा माहीत नसते. म्हणून सरकवल्यानंतर ए स्तंभातले सगळे बिट पुसावे लागतात. घोडा आणि राजा यांच्यासाठी हे काम प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा उरकून प्रत्येक घराचे उत्तर तक्त्यात लिहून ठेवतात, कारण त्यांची पोच वाटेतल्या मोहऱ्यांवर अवलंबून नसते.

हत्ती, उंट आणि वजीर यांचे तसे नाही. वाटेत कोणी उभे असेल तिथे ते थांबतात. हत्ती डी४ वर आहे असे धरा. त्याची पोच ठरवणारी घरे कोणती? उभ्या रेषेत डी२, डी३, डी५, डी६, डी७ आणि आडव्या रेषेत बी४, सी४, ई४, एफ४, जी४. एकूण दहा. कडेची डी१, डी८, ए४, एच४ ही घरे मोजायची नाहीत. तिथवर वाट मोकळी असेल तर ते घर भरलेले असो वा रिकामे, हत्तीचा मारा तिथे पोहोचतोच. दहा घरांपैकी प्रत्येक भरलेले किंवा रिकामे, म्हणजे एकंदर १,०२४ शक्यता. तेवढी उत्तरे आधीच काढून तक्त्यात ठेवता येतात. पाढे पाठ असलेल्या माणसाला गुणाकार करावा लागत नाही, तसे हे आहे.

अडचण राहते ती तक्त्यातली नेमकी ओळ शोधण्याची. ते दहा बिट ६४ बिटांच्या आकड्यात विखुरलेले असतात. त्यांना शेजारी शेजारी आणून दहा बिटांचा क्रमांक बनवायला हवा. यावरची युक्ती सुंदर आहे. त्या बिटांना एका खास निवडलेल्या ६४ बिटांच्या संख्येने गुणायचे आणि गुणाकाराचे फक्त वरचे दहा बिट ठेवायचे:

```
i = ((occ & mask[27]) * magic[27]) >> 54;
attacks = table[27][i] & ~own;
```

इथे २७ हा डी४ चा क्रमांक. `occ` म्हणजे पटावरची सगळी भरलेली घरे, `own` म्हणजे आपली. त्या खास संख्येला 'मॅजिक' म्हणतात, पण ती कोणत्याही सूत्रातून निघत नाही. यादृच्छिक संख्या घ्यायची, १,०२४ शक्यता तिच्यावर चालवून पाहायच्या, आणि वेगळी उत्तरे असलेल्या दोन मांडण्या एकाच ओळीवर आल्या की ती टाकून दुसरी घ्यायची. उत्तर एकच असलेल्या मांडण्या एका ओळीवर आल्या तर चालते. चौसष्ट घरांवरच्या हत्तीसाठी असे मिळून १,०२,४०० आकडे साठवावे लागतात, म्हणजे ८०० किलोबाइट. उंटाला ५,२४८ पुरतात. वजिराला वेगळा तक्ता लागत नाही. हत्ती आणि उंट यांची उत्तरे एकत्र केली की झाले.

आतापर्यंत मिळाल्या त्या केवळ शक्य चाली. नियमात बसणारी चाल तीच, जिच्यानंतर आपल्या राजाला शह बसत नाही. प्रत्येक चाल करून पाहणे, शह तपासणे आणि चाल मागे घेणे हा सरळ मार्ग आहे, पण त्यात वेळ जातो. म्हणून वेगवान प्रोग्रॅम आधीच पाहतात की राजा आणि शत्रूचा हत्ती, उंट किंवा वजीर यांच्यामध्ये आपले एकच मोहरे आहे का. तसे असेल तर ते जखडलेले. त्याला त्याच रेषेवर हलता येते, बाहेर नाही. जखडलेल्या घोड्याला तर हलताच येत नाही.

हा नियम भक्कम वाटतो, आणि नेमका एका जागी फसतो. चाचणीसाठी प्रसिद्ध असलेली एक मांडणी पाहा. चौथ्या रांगेत बी४ वर पांढरा हत्ती, एफ४ वर काळे प्यादे, एच४ वर काळा राजा. पांढरा ई२ वरचे प्यादे दोन घरे टाकून ई४ वर आणतो. एन पासां नियमाने एफ४ चे प्यादे ते मारून ई३ वर जाऊ शकेल का? हत्ती आणि राजा यांच्यामध्ये आता दोन प्यादी आहेत, म्हणून वरच्या तपासणीत कोणीच जखडलेले दिसत नाही. पण एन पासांमध्ये ती दोन्ही एकाच चालीत चौथ्या रांगेतून नाहीशी होतात आणि हत्तीचा मारा थेट राजावर येतो. चाल बेकायदा आहे. पांढऱ्याने जी२ चे प्यादे जी४ वर आणले तरी हेच घडते. म्हणून एन पासांची तपासणी स्वतंत्रपणे, दोन्ही प्यादी उचलून पाहूनच करावी लागते.

अशी चूक खेळ पाहून सापडत नाही; प्रोग्रॅम बहुतेक डाव नीटच खेळतो. ती सापडते मोजणीत. ठरावीक खोलीपर्यंत किती चाली निघतात ते मोजून खात्रीच्या प्रोग्रॅमशी ताळा करतात. या चाचणीला 'पर्फ्ट' म्हणतात. डावाच्या सुरुवातीच्या मांडणीत पहिल्या तीन पातळ्यांना २०, ४०० आणि ८,९०२ हे आकडे यायला हवेत. वरच्या मांडणीत दुसऱ्या पातळीला १९१ येतात. एन पासांची ही चूक असलेला प्रोग्रॅम १९३ सांगतो.

तुम्ही असा प्रोग्रॅम लिहीत असाल, तर स्टॉकफिश मोफत मिळतो. त्यात हे दोन आदेश टाइप करा:

```
position fen 8/2p5/3p4/KP5r/1R3p1k/8/4P1P1/8 w - - 0 1
go perft 2
```

पांढऱ्याच्या प्रत्येक पहिल्या चालीपुढे काळ्याची किती उत्तरे निघाली ते दिसेल. `e2e4` पुढे १६ आणि `g2g4` पुढे १७. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तिथे १७ आणि १८ दिसले, तर चूक एन पासांच्या तपासणीत आहे.