अण्णांचं वजन, रोज सकाळी

(एका हृदयरोगतज्ज्ञाने रुग्णाच्या घरच्यांना लिहिलेलं पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकू आणि तुम्ही दोघं भावंडं,
सप्रेम नमस्कार.

डिस्चार्ज कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ असं लिहिलेलं वाचून तुम्ही सगळेच हादरलात. अण्णांच्या मुलीने मला जिन्यात गाठून विचारलं, “म्हणजे किती दिवस राहिले?” त्या घाईत मी दिलेलं उत्तर अपुरं होतं असं वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. घरात सगळ्यांनी वाचा. अण्णांनाही वाचून दाखवा, त्यांच्यापासून यातलं काही लपवू नका.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना अटॅक आला तेव्हा हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी बंद पडली होती. छातीतल्या दुखण्याला पित्त समजून घरी थांबल्यामुळे मिरजेला पोहोचेपर्यंत आठ तास गेले. अँजिओप्लास्टी करून रक्तवाहिनी उघडली, पण तोवर त्या भिंतीतला बराच स्नायू मेला होता. मेलेल्या स्नायूच्या जागी वण तयार होतो आणि वण आकुंचन पावत नाही. त्याच्या वाटचं काम उरलेल्या स्नायूवर पडलं. ते करता करता हृदयाचा डावा कप्पा ताणला गेला, मोठा झाला आणि हळूहळू थकत गेला.

सोनोग्राफीसारखी जी तपासणी केली तिला इको म्हणतात. तिच्या रिपोर्टमध्ये ‘ईएफ 28 टक्के’ असं आहे. त्याचा अर्थ हृदय 28 टक्केच जिवंत आहे असा नाही. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर जातं, त्याचा हा आकडा. निरोगी माणसातही तो शंभर नसतो, साधारण 55 ते 70 असतो. म्हणजे अण्णांचं हृदय निम्म्याच्या आसपास काम करतं आहे. ते बंद पडलेलं नाही, पण आजार गंभीर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. ही समजली की पुढची सगळी पथ्यं आपोआप समजतील. हृदयाकडून रक्त कमी येऊ लागलं की मूत्रपिंडांना वाटतं, शरीरातलं रक्त किंवा पाणी कमी झालं आहे. जखमेतून रक्त गेलं किंवा उन्हात पाणी सुकलं तर हा अंदाज बरोबर ठरतो. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि अॅड्रेनलीन वाढून नाडी जलद होते. पण अण्णांच्या शरीरात पाण्याची कमतरता नव्हतीच. धरून ठेवलेलं पाणी आधी फुप्फुसांत आणि मग पायांत साचलं. आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलताना थकलेलं हृदय आणखी थकलं. मूत्रपिंडांकडे रक्त आणखी कमी गेलं, त्यांनी आणखी मीठ धरलं. शरीराने वाचवण्यासाठी केलेली धडपडच शरीराला बुडवत जाते, असा हा आजार आहे.

गेल्या दोन महिन्यांत घरात काय काय घडलं ते आता आठवा. अण्णांना आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून खोकल्याचं औषध चाललं होतं. तो घशाचा खोकला नव्हता. झोपल्यावर पायातलं पाणी रक्तात परत येतं आणि फुप्फुसांवर चढतं, त्याचा तो खोकला होता. एका उशीच्या तीन उशा झाल्या, शेवटी ते खुर्चीत बसून झोपू लागले. पोट फुगायचं, दोन घासांत जेवण व्हायचं; तो गॅसही नव्हता, यकृताला आणि आतड्यांना सूज आली होती. काकू म्हणाल्या होत्या, “खाणं निम्म्यावर आलं आणि तरी सदरा पोटाला घट्ट होतोय.” सगळ्या लक्षणांत हे सगळ्यात बोलकं होतं. दवाखान्यात चार दिवसांत शिरेतून औषध देऊन लघवीवाटे पाणी काढलं, तेव्हा वजन जवळजवळ सात किलो उतरलं. ती चरबी नव्हती, ते साचलेलं पाणी होतं.

पाणी निघालं, श्वास मोकळा झाला, अण्णा आडवे झोपू लागले. पण लघवीच्या गोळीने फक्त साचलेलं पाणी जातं, ते साचवणारी यंत्रणा तशीच राहते. तिला आवर घालण्यासाठी बाकीच्या चार गोळ्या आहेत. अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी पूर्वीपासूनची, ती चालूच राहील. या चारपैकी सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. स्पायरोनोलॅक्टोन मीठ धरून ठेवण्याचा हुकूम अडवते. डॅपाग्लिफ्लोझिन मुळात मधुमेहाची गोळी. “अण्णांना साखर नाही, मग ही का?” असं औषधाच्या दुकानदाराने विचारलं म्हणे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की कमजोर हृदयाच्या ज्या रुग्णांना मधुमेह नाही, त्यांनाही तिचा तितकाच फायदा होतो. तेव्हा ती बंद करू नका.

चौथी गोळी मेटोप्रोलॉल, नाडी संथ करणारी. एके काळी आम्ही डॉक्टर तिला घाबरत असू. आधीच थकलेल्या हृदयाला आणखी मंद करायचं कसं? स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये असं औषध सात रुग्णांना देऊन पाहिलं आणि ते सुधारले. बाकीच्यांना ते पटायला वीसेक वर्षं लागली. दमलेल्या बैलाला चाबूक मारला की तो चार पावलं पळतो आणि मग बसतो. अॅड्रेनलीन हृदयाचं तेच करत असतं. ही गोळी तो चाबूक काढून घेते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अण्णांना थोडं गळल्यासारखं वाटेल. ते अपेक्षित आहे. फायदा दिसायला महिने लागतात.

सगळ्या गोळ्या लहान डोसवर सुरू केल्या आहेत आणि दर दोन आठवड्यांनी, सोसेल तशा वाढवायच्या आहेत. बीपी 100 च्या आसपास राहील. आकडा पाहून घाबरून गोळी बंद करणारी घरं मी फार पाहिली आहेत. अण्णांना चक्कर नसेल, ते हिंडत-फिरत असतील, तर 100 त्यांच्यासाठी चांगलं आहे. अंथरुणातून उठताना मात्र आधी काठावर थोडं बसू द्या.

एक काम आजच करा. घरात रामिप्रिलची जुनी पाकिटं आहेत, ती फेकून द्या. ती आणि नवी सॅक्युबिट्रिलची गोळी एकत्र पोटात गेली तर जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो. म्हणूनच दवाखान्यात जुनी गोळी थांबवल्यावर 36 तास वाट पाहून नवी दिली. गुडघ्यांसाठी अण्णा दुकानातून डायक्लोफेनॅक आणतात, तेही बंद. या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतात आणि दोन-तीन दिवसांत माणूस पुन्हा भरती होऊ शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल द्या.

मिठाचं म्हणाल, तर दिवसभराचं सगळं मिळून एक सपाट चमचा, त्याहून जास्त नाही. भाजीतलं मीठ तुम्ही कमी कराल, हे मला माहीत आहे. माझी काळजी लोणचं, पापड, खर्डा, चिवडा, खारे शेंगदाणे आणि ताटात वरून घेतलेल्या मिठाची आहे. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, ते आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि अण्णांच्या दोन गोळ्या आधीच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणूनच रोज शहाळं नको. पाणी तहानेपुरतं, चहा-ताक धरून दीड ते दोन लिटर. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अण्णांसाठी नाही.

आता वजनकाट्याचं. पाय सुजण्याच्या आणि धाप लागण्याच्या आधी काही दिवस वजन वाढतं, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. घरी जाताना ते 64.2 किलो होतं. तोच आपला आधार. समजा, शनिवारी लग्नाचं जेवण झालं. रविवारी 64.9 भरलं, तर वाट पाहा. सोमवारी 65.8 भरलं, म्हणजे दोन दिवसांत दीड किलोच्या वर गेलं, तर अण्णा कितीही ठणठणीत दिसोत, त्याच सकाळी फोन करा. दोन-तीन दिवस लघवीची गोळी वाढवून ते पाणी घरीच काढता येतं. गुरुवारी धाप लागल्यावर आलात, तर पुन्हा चार दिवस दवाखान्यात. आठवडाभर रोज थोडं थोडं वाढून दोन किलोवर गेलं, तरीही फोन कराच.

याच्या उलटही होतं. जुलाब-उलट्या झाल्या, जेवण बंद पडलं, तर याच गोळ्यांनी शरीर कोरडं पडतं आणि मूत्रपिंडांना इजा होते. अशा दिवशी लघवीची गोळी, डॅपाग्लिफ्लोझिन, स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिलची गोळी घेण्याआधी मला विचारा. आषाढी एकादशीला अण्णा निर्जळी करतात. यंदा निर्जळी नको. दूध-फळं घेऊन चालेल, पण तेही आधी कळवा.

रात्री धाप लागून उठून बसावं लागलं, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा ओठ-जीभ सुजली, तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दिवस मोजून सांगता येत नाहीत. हा आजार जिवावर बेतू शकतो, हे मी नाकारणार नाही. वण पुन्हा स्नायू होणार नाही. पण त्याच्या आजूबाजूचा दमलेला, अजून जिवंत असलेला स्नायू या गोळ्यांनी सुधारू शकतो, ताणलेला कप्पा थोडा आकसू शकतो. गोळ्या पूर्ण डोसला पोहोचल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा इको करू. ईएफ तेव्हाही 35 किंवा त्याखाली असेल तर ठोके अचानक बिघडून मृत्यू येण्याचा धोका राहतो. अशा वेळी छातीच्या कातडीखाली आयसीडी नावाचं यंत्र बसवावं लागतं. ठोका बिघडला की ते आतून झटका देऊन तो पूर्ववत करतं. ते महाग आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आणि ईएफ 45 झाला, तर गोळ्या बंद करायच्या का? लंडनमध्ये याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. ज्यांचं हृदय औषधांनी पूर्ण सावरलं होतं, त्यांच्यातल्या काहींच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू थांबवल्या. सहा महिन्यांत त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांचं हृदय पुन्हा कमजोर झालं. त्यांचा आजार अण्णांसारखा अटॅकनंतरचा नव्हता, त्यांच्या हृदयावर अटॅकचा वणही नव्हता. तरी असं झालं. अण्णांच्या हृदयावर तर वण आहे. या गोळ्या कायमच्या धरून चाला. सुदैवाने सॅक्युबिट्रिल आणि डॅपाग्लिफ्लोझिन या दोन्ही आता जेनेरिक मिळतात आणि पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत. खर्च झेपत नसेल तर डोस अर्धे करू नका, मला सांगा.

पुढच्या सोमवारी या. त्याआधी शनिवारी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमसाठी रक्त द्या. येताना तो रिपोर्ट, वजनाची वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी गुडघ्याच्या तेलासकट, एका पिशवीत घालून आणा.

आपला,
डॉक्टर