फोटोत जागा दिसते, वजन नाही

पुण्याहून शिक्षणासाठी म्युनिकला निघालेल्या एका मुलीने उघड्या सुटकेसचा फोटो पाठवला होता. झाकण लागत नव्हतं, वजन भरलं होतं 27.4 किलो आणि तिकिटावर मर्यादा होती 23. ‘स्वेटर काढू का?’ हा तिचा प्रश्न होता, कारण फोटोत अर्धी बॅग स्वेटरांनीच व्यापली होती.

स्वेटर फुगीर असतात, पण त्यांचं वजन बेताचं. खरी जड मंडळी लहान दिसतात: कोपऱ्यातले बूट, शाम्पूच्या बाटल्या, पुस्तकं. हवा काढून टाकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकण लागतं, पण वजन ग्रॅमभरही कमी होत नाही. म्हणून फोटोचा उपयोग यादीपुरता करावा आणि त्यातली प्रत्येक जड वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगळी तोलावी.

तिच्या यादीतल्या वस्तूंना मग एकेक जागा मिळाली. बूट 1.1 किलो आणि जाड जॅकेट 1.2 किलो, दोन्ही प्रवासात अंगावर. दोन पुस्तकं 1.2 किलोची, ती लॅपटॉपच्या पिशवीत. पॉवरबँक 300 ग्रॅमची. लिथियम बॅटरी पेटण्याचा धोका असल्याने ती चेक-इन सामानात चालतच नाही, ती हातातच न्यावी लागते. शाम्पू आणि कपडे धुण्याचं लिक्विड मिळून 900 ग्रॅम. ते म्युनिकच्या कुठल्याही दुकानात मिळतं, म्हणून घरीच ठेवलं. अर्धा किलो तुपाचा डबाही राहिला, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे.

एकूण 5.2 किलो कमी झाले आणि बॅग 22.2 वर आली. प्रेशर कुकर, भाजणी, मसाले आणि सगळे स्वेटर जागच्या जागी राहिले. कुकर रिकामा नेणं म्हणजे जागा वाया घालवणं, म्हणून त्यात मोजे आणि मसाल्याची पाकिटं बसवली.

हातातली पिशवीही तोलायला हवी. तिची मर्यादा 7 किलो होती, लॅपटॉपसह 5.2 किलोची पिशवी पुस्तकं आणि पॉवरबँक घेऊन 6.7 झाली. नेहमीची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रवेशाची मूळ कागदपत्रं आधीपासून तिच्यातच होती. बॅग उशिरा पोचली तरी ती हाताशी असायला हवीत.

घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांत थोडा फरक पडू शकतो, म्हणून निदान अर्धा किलो मोकळा ठेवावा. हुकाचा काटा नसेल तर आधी स्वतः वजनकाट्यावर उभं राहावं, मग बॅग उचलून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॅगेचं वजन. हे निघण्याच्या आदल्या दिवशी करावं, म्हणजे काउंटरसमोर बॅग उघडून घाईघाईत नको ती वस्तू काढावी लागत नाही.